खादी आणि लिननची धुलाई : चुण्या आणि कडकपणा

(व्याख्यानाचा मजकूर)



गांधी जयंतीच्या सुमारास हौसेने घेतलेला खादीचा झब्बा दिवाळीपर्यंत अंगावर दिसतो आणि संक्रांतीनंतर कपाटात जाऊन बसतो, असे अनेक घरांत आढळून येते. कारण विचारल्यास दोन तक्रारी एकाच वाक्यात सांगितल्या जातात. कापड धुतले की चुरगळते, आणि वाळले की पत्र्यासारखे होते. लिननच्या सदऱ्याबद्दलही हीच तक्रार असते. मग कोणी दोष कापडाला देतो, कोणी विणकराला, तर कोणी धुलाई यंत्राला. परिणाम मात्र एकच होतो. चांगले टिकाऊ वस्त्र वापराविना पडून राहते आणि ते घेणारा पुन्हा खादी भांडाराची पायरी चढत नाही.

या दोन तक्रारी नेहमी एकत्र केल्या जातात. वस्तुतः ते दोन वेगळे दोष असून त्यांची कारणेही वेगळी आहेत. चुण्या पडतात त्या दाबाने. कडकपणा येतो तो कापडात मागे राहिलेल्या द्रव्यामुळे आणि निश्चल स्थितीत वाळण्यामुळे. हा भेद ध्यानात न घेता केवळ यंत्रावरील सौम्य फेरा निवडला, तर पहिला दोष कमी होतो. परंतु दुसरा कधी कधी वाढतो. म्हणूनच सौम्य फेरा वापरूनही समाधान न झालेली माणसे पुष्कळ भेटतात.

प्रथम चुण्यांचा विचार करू. कापूस आणि जवसाच्या खोडापासून मिळणारा लिननचा तंतू, हे दोन्ही मुख्यतः सेल्युलोजचे बनलेले असतात. सेल्युलोजच्या लांब साखळ्या एकमेकींना असंख्य दुबळ्या बंधांनी धरून ठेवतात. तंतू ओला झाला की पाण्याचे कण या साखळ्यांमध्ये शिरतात, जुने बंध सुटतात आणि तंतू फुगून मऊ होतो. या अवस्थेत त्याला जो आकार द्यावा तो तो घेतो. पाणी निघून जाऊ लागले की त्याच नव्या आकारात बंध पुन्हा जुळतात. इस्त्री करताना कापडावर पाणी शिंपडले जाते ते याच गुणाचा उपयोग करून घेण्यासाठी. परंतु ओले कापड दुमडलेल्या अवस्थेत दाबले गेले, तर हाच गुण दोष ठरतो आणि घडी कायम होते.

गिरणीतील पुष्कळशा सदऱ्यांच्या कापडावर चुणीरोधक राळेची प्रक्रिया केलेली असते. त्या प्रक्रियेत साखळ्या पक्क्या सांध्यांनी जोडल्या जातात, म्हणून ते कापड पूर्ववत होते. खादीवर सामान्यतः अशी प्रक्रिया नसते. लिननची अडचण आणखी निराळी आहे. कापसाचा तंतू तुटण्यापूर्वी सुमारे ६ ते ७ टक्के ताणला जातो. लिननचा तंतू जेमतेम २ ते ३ टक्के. ज्याला ताण सोसत नाही त्याच्यावर घडी तीक्ष्ण उमटते. तीच घडी वर्षानुवर्षे त्याच जागी पडत राहिली तर त्या रेषेवर तंतू तुटू लागतात. जुन्या लिननच्या कॉलरच्या कडेला प्रथम फिकट रेघ दिसते आणि नंतर तेथेच कापड विरते, त्याचे कारण हेच होय.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सौम्य फेरा निवडायचा तो ही कापडे पाण्यात नाजूक असतात म्हणून नव्हे. कापूस आणि लिनन दोन्ही ओले असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतात. रेयॉन मात्र याच्या उलट वागते. सौम्य फेऱ्याचा खरा उपयोग दाब आणि पीळ कमी करण्यासाठी आहे. समोरून उघडणाऱ्या यंत्रातील सौम्य फेऱ्यात ड्रम थोडा वेळ फिरतो, अधिक वेळ थांबतो आणि पाणी जास्त घेतले जाते. त्यामुळे कपडे एकमेकांवर न दाबता पाण्यात मोकळे राहतात. शेवटी पाणी झटकून टाकणारी जी फिरत असते, तिचा वेगही कमी असतो.

चुण्यांच्या दृष्टीने ही शेवटची फिरत सर्वांत महत्त्वाची. मिनिटाला १,००० ते १,४०० फेरे घेणाऱ्या ड्रममध्ये कपडे कडेच्या पत्र्यावर अक्षरशः लिंपले जातात आणि ज्या अवस्थेत ते दुमडले असतील त्या अवस्थेतच त्यांच्यातील पाणी काढले जाते. ओल्या घडीला दाब देऊन ती कोरडी करणे म्हणजे एक प्रकारे उलटी इस्त्रीच होय. म्हणून खादी व लिननसाठी हा वेग ४०० ते ६०० फेऱ्यांवर ठेवावा. भारही निम्म्याहून कमी असावा. सात किलोच्या यंत्रात अशी कापडे दोन, फार तर तीन किलो घालावीत. पाण्याचे तापमान ३० अंश पुरेसे आहे. पांढऱ्या व फार मळलेल्या कपड्यांसाठी ४० अंश.

ज्या घरांत दोन कप्प्यांचे अर्धस्वयंचलित यंत्र आहे, तेथे फिरतीचा वेग बदलण्याची सोय बहुधा नसते. तेथे वेळ हेच नियंत्रण मानावे. धुण्याच्या कप्प्याचे बटण सौम्य बाजूला ठेवावे आणि पिळण्याच्या कप्प्यात कपडे एक मिनिटापेक्षा जास्त फिरवू नयेत. कपडे हाताने मुरगाळून पिळणे तर सर्वथा टाळावे. त्यात दाब आणि पीळ दोन्ही एकत्र येतात. त्याऐवजी कपडा जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला असता पुरेसे पाणी निघते.

आता दुसऱ्या दोषाकडे वळू. फिरत मंद ठेवली की कापडात पाणी अधिक राहते. वेगवान फिरतीनंतर एक किलो कपड्यांत सुमारे अर्धा ते पाऊण लिटर पाणी उरते, तर मंद फिरतीनंतर ते साधारण एक लिटरच्या आसपास असते. या उरलेल्या पाण्यात धुलाईचे द्रव्य विरघळलेले असते. पाणी वाळून जाते, द्रव्य कापडातच राहते. म्हणजे चुण्या टाळण्यासाठी जो उपाय केला, तोच कडकपणाला साहाय्यभूत होतो. यावर उतारा एकच, तो म्हणजे एक जादा खळबळणी. त्यामागील हिशोब सोपा आहे. कापडात एक लिटर पाणी उरले आहे आणि त्यात नऊ लिटर स्वच्छ पाणी मिसळले, तर द्रव्याचे प्रमाण एक दशांश होते. दुसऱ्या खळबळणीनंतर ते एक शतांश आणि तिसरीनंतर एक सहस्रांश होते. यंत्रावर जादा खळबळणीचे बटण असते ते या कापडांसाठी नेहमी दाबावे.

परंतु कित्येक घरांत तीन वेळा खळबळूनही कापड कडकच राहते. अशा वेळी पाण्याकडे पाहावे लागते. महाराष्ट्राच्या मोठ्या भागात काळा बेसाल्ट खडक आहे आणि त्यातील विहिरींचे व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड, म्हणजे शालेय पुस्तकातील शब्दात दुष्फेन असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला जो राखी थर बसतो तो हाच. तो कापडाच्या धाग्यांतही बसतो, आणि साध्या पाण्याने कितीही खळबळले तरी तो निघत नाही.

हा साका किती बनतो याचा अंदाज गावातच करता येतो. ग्रामपंचायतीकडे पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल असतात आणि त्यात एकूण कठीणपणाचा आकडा दिलेला असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालतो. म्हणजे जे पाणी पिण्यास मान्य आहे, तेही साबणाला मानवेलच असे नाही. समजा, अहवालातील आकडा ४०० आहे आणि बादलीत १५ लिटर पाणी आहे. त्या बादलीतील क्षार सुमारे ३७ ग्रॅम शुद्ध साबण प्रथम गिळंकृत करतात. तोपर्यंत फेसच येत नाही. त्या ३७ ग्रॅमांचा जवळजवळ तितकाच साका तयार होतो. फेस येत नाही म्हणून गृहिणी आणखी साबण घासते, हे स्वाभाविकच आहे. मात्र पहिल्या साबणाचा साका तसाच राहतो आणि त्याचा काही भाग झब्ब्यात जातो.

शाळेत हे दाखविणे सहज शक्य आहे. दोन सारख्या बाटल्यांपैकी एकीत पावसाचे आणि दुसरीत विंधन विहिरीचे पाणी अर्धे भरावे. दोहोंत साबणाच्या किसाची सारखी चिमूट टाकून जोराने हलवावे. पहिलीत टिकाऊ फेस येतो. दुसरीत पाणी गढूळ होऊन पांढऱ्या कण्या तरंगतात.

या साक्याचा उपाय अधिक साबण हा नव्हे. जड पाण्यात खादीसाठी साबणाची वडी बाजूला ठेवावी आणि द्रवरूप संश्लिष्ट डिटर्जंट वापरावे, कारण त्याचा असा साका बनत नाही. वेष्टनावरील मात्रा सामान्यतः पूर्ण भारासाठी असते. भार निम्म्याहून कमी असल्यास मात्राही त्याच प्रमाणात कमी करावी. शेवटच्या खळबळणीत फेस दिसत असेल तर मात्रा जास्त झाली असे समजावे. रिठ्याचे पाणीही चालते. रिठ्यातील फेसाळ द्रव्य साबणाप्रमाणे जड पाण्यात फुटत नाही. मात्र पांढऱ्या कापडावर त्याची किंचित पिवळसर झाक येऊ शकते.

साका नाही, डिटर्जंट नाही, तरीही कापूस वाळल्यावर थोडा ताठ होतोच. त्याचे कारण बराच काळ स्पष्ट नव्हते. जपानमधील होक्काइदो विद्यापीठ आणि काओ ही कंपनी यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये याविषयी अभ्यास प्रसिद्ध केला. कापड वाळले असे वाटते तेव्हाही तंतूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बांधून राहिलेला असतो आणि तोच शेजारच्या तंतूंना गोंदासारखा जोडतो, असे त्यातून दिसून आले. वारा नसलेल्या जागी टांगलेला कपडा हलत नाही, म्हणून हे सांधे अखंड जुळतात. वाऱ्यावर हलणाऱ्या कपड्यात ते जुळता जुळता तुटत राहतात. हा कडकपणा निरुपद्रवी असून हाताने चोळताच जातो.

तेव्हा कडकपणा कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखावे. वाळलेला कपडा दोन्ही हातांत धरून मिनिटभर चोळावा. तो मऊ झाला, तर दोष केवळ निश्चल वाळण्याचा आहे. मऊ न झाल्यास तो साबण न घालता कोमट पाण्यात टाकून हलवावा. फेस आला तर डिटर्जंट मागे राहिले आहे. पाणी दुधट होऊन कापड बोटांना मेणचट लागले तर साका आहे. नव्या कपड्याच्या बाबतीत तिसरी शक्यता असते, ती खळीची. विणताना ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते आणि ती पहिल्या दोन-तीन धुण्यांत जाते. आतल्या शिवणीतील सुटा धागा कापून त्यावर आयोडिनच्या द्रावाचा थेंब टाकल्यास, खळ पिठाची असेल तर धागा निळा-काळा होतो. थेंब कपड्यावर मात्र टाकू नये.

हे सर्व एका नमुन्याच्या उदाहरणात पाहू. तालुक्याच्या गावी राहणारे शिक्षक दांपत्य आहे, असे धरू. पाण्याचा कठीणपणा ४०० आहे. आठवड्याच्या धुण्यात दोन खादीचे झब्बे, एक पायजमा, एक खादीची साडी आणि एक लिननचा सदरा, असे सुमारे दोन किलोचे कपडे आहेत. आजवरची पद्धत अशी : हे कपडे चादरी व टॉवेलांबरोबर सात किलोच्या यंत्रात दाबून भरायचे, कॉलरना साबणाची वडी घासायची, वर भुकटी घालायची, सुती कपड्यांचा ६० अंशांचा फेरा आणि १,२०० ची फिरत लावून शाळेत जायचे. यंत्र अकराला थांबते आणि कपडे निघतात दुपारी दोनला. ते तीन तास दुमडलेल्या ओल्या कपड्यांवर कपड्यांचाच भार असतो. नंतर ते गच्चीवर कडक उन्हात, वारा न लागणाऱ्या भिंतीलगत वाळतात. येथे दोन्ही दोषांची सर्व कारणे एकत्र आलेली आहेत.

बदल पुढीलप्रमाणे करावयाचा. चादरी व टॉवेल वेगळे धुवायचे. नवी रंगीत साडी पहिल्या दोन-तीन वेळा स्वतंत्रपणे गार पाण्यात धुवायची, कारण तिचा रंग सुटण्याची शक्यता असते. उरलेल्या कपड्यांची बटणे लावून ते उलटे करायचे. कॉलरला वडीऐवजी द्रव डिटर्जंटचे चार थेंब लावून दहा मिनिटे ठेवायचे. सौम्य फेरा, ३० अंश, पूर्ण भाराच्या मात्रेचा सुमारे तिसरा हिस्सा, एक जादा खळबळणी आणि ४०० ची फिरत निवडायची. यंत्र लावण्याची वेळ अशी साधायची की ते थांबेल तेव्हा घरी कोणीतरी असेल. थांबताच प्रत्येक कपडा काढून दोन-तीन वेळा जोराने झटकायचा, शिवणी व पट्ट्या हाताने सरळ ओढायच्या आणि झब्बे-सदरा रुंद हँगरवर सावलीत, पण वाऱ्याच्या जागी टांगायचे. मंद फिरतीमुळे कपडे ठिबकतात आणि वाळण्यास अधिक वेळ लागतो. परंतु त्या पाण्याचे वजनच कापडाला खाली ओढून चुण्या मोडते.

अशा घरातील जुन्या झब्ब्यांत मागचा साका असतोच. तो एकदा काढावा लागतो. त्यासाठी चार लिटर कोमट पाण्यात, शक्य तर साठविलेल्या पावसाच्या पाण्यात, अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून कपडा अर्धा तास भिजवावा. आम्लामुळे साका फुटतो. परंतु त्यातील स्निग्ध अंश कापडातच राहतो. म्हणून नंतर कपडा साध्या पाण्यातून काढून थोड्या द्रव डिटर्जंटने धुवावाच लागतो. ही दुसरी पायरी वगळली तर कापड मेणचट राहते. फार साचलेला साका निघण्यास दोन-तीन वेळा असे करावे लागते. क्लोरीनयुक्त विरंजक आणि व्हिनेगर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून विषारी वायू निघतो. कपडे मऊ करण्यासाठी बाजारात मिळणारे द्रव साका काढीत नाहीत, ते फक्त त्यावर स्निग्ध लेप देतात. वारंवार वापरल्यास त्यामुळे कापडाची घाम शोषण्याची शक्ती कमी होते, आणि खादी ज्या गुणासाठी वापरावयाची तोच गुण जातो.

इस्त्रीची वेळही ठरलेली आहे. कपडा पुरता वाळण्यापूर्वी, हाताला किंचित दमट लागत असताना तो उतरवावा आणि उलट्या बाजूने गरम इस्त्री करावी. तो पूर्ण वाळला असेल तर पाणी शिंपडून, गुंडाळून अर्धा तास ठेवावा, म्हणजे ओल सारखी पसरते. लिननच्या कॉलरवर व बाह्यांवर दाबून घडी पाडू नये आणि कपाटात ठेवताना घडीची जागा दर वेळी बदलावी. कांजी द्यावयाची असल्यास ती खुशाल द्यावी. पिठाची कांजी पुढील धुण्यात निघून जाते. ती आपण होऊन दिलेली करकरी आहे, साक्याचा कडकपणा नव्हे.

या पद्धतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हे सर्व सुती खादी व लिननसाठी आहे. रेशमी व लोकरी खादीची धुलाई वेगळी असते, आणि पॉलिएस्टर-मिश्रित खादी मुळातच कमी चुरगळते. तसेच, सुती खादी किंवा लिनन दिवसभर अंगावर राहिल्यावर घामाच्या ओलीने व शरीराच्या उष्णतेने चुण्या पडणारच. त्या सेल्युलोजच्या स्वभावात आहेत आणि कोणत्याही फेऱ्याने जाणार नाहीत. मात्र त्या ओल्या बोटाने व हलक्या इस्त्रीने जातात. जाऊ नयेत अशा बसतात त्या ओल्या कापडाला दाबून ठेवलेल्या घड्या.

एखाद्या घरात एवढे सगळे बदल एकदम होणे कठीण असेल, तर तीन गोष्टींपासून आरंभ करावा : फिरत मंद, खळबळणी एक जास्त, आणि यंत्र थांबताच कपडे बाहेर. पुढच्या धुण्यानंतर कपडा हातात घेऊन चोळून पाहावा. तो मऊ झाला तर तेवढे पुरे आहे. न झाल्यास ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन पाण्याचा अहवाल पाहावा. बहुधा दोष कापडाचा नसून त्या अहवालातील एका आकड्याचा असतो.